एक्स-रे खोलीत नव्याने रुजू होणाऱ्यास: बॅज, एप्रन आणि अंतर

टीएलडी बॅज किरणांपासून रक्षण करत नाही. आपल्या शरीराला किती मात्रा मिळाली एवढेच तो नोंदवतो, म्हणून तो छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावावा. यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी नवीन असताना बॅज एप्रनलाच अडकवून एप्रन एक्स-रे खोलीतील खुंटीवर टांगत असे. त्या तिमाहीचा अहवाल नेहमीपेक्षा बराच जास्त आला, आणि मी घरी असताना झालेली एक्सपोजरही माझ्याच नावावर नोंदली गेल्याचे खुलासा लिहिताना लक्षात आले. म्हणून ड्यूटी संपताच बॅज काढून खोलीबाहेर, कोणीही न घालता फक्त परिसरातील किरणांची तुलनेसाठी नोंद घेणाऱ्या कंट्रोल बॅजजवळ ठेवावा. मे महिन्यात तो गाडीच्या डिक्कीत तर मुळीच राहू देऊ नये, कारण उष्णतेने त्यातील नोंद बिघडते.

एप्रन रुग्णाच्या शरीरावरून विखुरणारे किरण बऱ्याच अंशी अडवतो, मात्र थेट झोतात उभे राहण्यासाठी तो नाही. त्याची घडी घातल्यास आतील शिशाचा थर तडकतो आणि वरून काहीच दिसत नाही. एप्रनचाच एक्स-रे काढला, तर तडा काळ्या रेषेसारखा उमटतो.

वॉर्डात मोबाइल यंत्र वापरताना एप्रन घालूनही एक्सपोजरच्या बटणाची वायर पूर्ण ताणून मागे सरकावे, कारण रुग्णापासूनचे अंतर 1 मीटरवरून 2 मीटर केले की मात्रा साधारण चौथाई होते. लहान मूल धरायचेच असेल, तर गर्भवती नसलेल्या नातेवाइकाला एप्रन घालून धरायला सांगावे. कर्मचाऱ्याने स्वतः धरू नये, कारण नातेवाईक एकदाच येतो, आपण रोज तिथे असतो.