थायरॉइडची केस राउंडला मांडताना: आधी गाठ की आधी धडधड?

प्रश्न: फायनल इयरला आहे. सर्जरीच्या राउंडसाठी थायरॉइडची पेशंट मिळाली आहे. हिस्ट्रीपासून डिफरन्शियलपर्यंत केस कशी मांडू? सर मध्येच तोडतात आणि मग सगळं विसरायला होतं.

उत्तर:

सर तोडतात ती जागा बहुधा ठरलेली असते: गाठ आधी आली, की धडधड? या क्रमावर निम्मं डिफरन्शियल उभं असतं. म्हणून मुख्य तक्रारी काळाच्या क्रमानेच सांग.

मी नवी मुंबईत सर्जरी शिकवतो. आमच्याकडे नेहमी दिसते तशी एक केस घेऊ. रबाळ्याच्या ४६ वर्षांच्या बाई, वाशीच्या मार्केटात भाजी निवडतात. गळ्यासमोर गाठ ६ वर्षांपासून. धडधड आणि वजन घटणं ४ महिन्यांपासून. एवढ्यावरच ऐकणाऱ्याला जुन्या गलगंडात नंतर आलेली टॉक्सिसिटी दिसायला लागते. दोन्ही एकाच सुमारास सुरू झालं असतं, तर ग्रेव्हज आधी आठवला असता.

गाठ कशी वाढली ते नीट विचार. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली गाठ एका दिवसात दुखून फुगली, तर गाठीत रक्तस्राव झाल्याची शक्यता जास्त. काही आठवड्यांत न दुखता भराभर वाढली, तर कॅन्सरचा विचार करावाच लागतो. बाईंच्या गाठीत यातलं काही नाही, आणि हे ‘नाही’सुद्धा मोठ्याने सांगायचं.

टॉक्सिसिटीचे प्रश्न पुस्तकातल्या शब्दांत विचारू नकोस. ‘उकाडा सहन होतो का’ म्हटलं तर मे महिन्यात अख्खी नवी मुंबई ‘नाही’ म्हणेल. त्याऐवजी विचार, ‘घरातले सगळे पंखा बंद करतात तेव्हा तुम्हाला तो चालूच हवा असतो का?’ वजन काट्यावर कोणी पाहिलेलं नसतं. बांगड्या सैल झाल्या का, ब्लाउज आटवून घ्यावे लागले का, हे विचार. आणि भूक? भूक चांगली असून वजन घटतंय, हे दोन्ही एकाच वाक्यात यायला हवं. मग दाबाची लक्षणं: आडवं झाल्यावर दम लागतो का, घास अडकतो का, आवाज बसला का.

औषधांच्या हिस्ट्रीत मुलं घाई करतात. धडधडीसाठी बाहेरच्या डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलेलं असेल, तर पल्स ७८ लागेल, हाताचा कंपही दिसणार नाही, आणि तू निर्धास्तपणे ‘टॉक्सिक नाही’ म्हणून मोकळा होशील. गोळ्यांची पाकिटं मागवून बघ.

तपासणी मानेपासून सुरू करू नकोस. आधी पल्स: वेग आणि ताल दोन्ही, कारण अशा जुन्या गलगंडात हृदयाची लक्षणं पुढे असतात आणि एट्रियल फिब्रिलेशन सापडू शकतं. बाईंची पल्स ११२, नियमित; हात पुढे केल्यावर बोटांना बारीक कंप. डोळ्यांबद्दल ‘आय साइन्स पॉझिटिव्ह’ म्हणून सुटका नाही. वरची पापणी मागे ओढलेली असणं किंवा खाली बघताना मागे राहणं कुठल्याही थायरोटॉक्सिकोसिसमध्ये दिसतं. डोळा खरोखर बाहेर आला असेल तरच ते ग्रेव्हजकडे बोट दाखवतं.

मानेत पहिलं वाक्य गाठ गिळताना वर सरकते हे, कारण ती थायरॉइडची आहे हे तिथेच ठरतं. बाईंना घोटभर पाणी दे आणि मी सांगेन तेव्हाच गिळा म्हण. नाहीतर तू बघेपर्यंत पाणी पोटात. मग मागे उभं राहून, मान किंचित पुढे झुकवून हाताने तपास. दोन्ही लोबमध्ये लहानमोठ्या गाठी, खालची कड बोटाला लागते, श्वासनलिका मध्यभागी, दोन्हीकडे कॅरोटिड लागते, मानेत लिम्फ नोड नाहीत. खालची कड लागली नसती, तर गाठ छातीत उतरली आहे का ते बघायला हात डोक्यावर उचलायला लावायचे आणि चेहरा लाल होतो का बघायचं. शेवटी वरच्या टोकाशी स्टेथोस्कोप. इथे ब्रुई नाही.

निदान एका दमात: ‘मल्टिनोड्युलर गॉयटर, क्लिनिकली टॉक्सिक, दाबाची लक्षणं नाहीत, छातीत विस्तार नाही, कॅन्सरची क्लिनिकल चिन्हं नाहीत.’

डिफरन्शियलमध्ये तीनच नावं घे आणि प्रत्येकाचं कारण दे. पहिलं टॉक्सिक मल्टिनोड्युलर गॉयटर: गाठ आधी, टॉक्सिसिटी नंतर, डोळे शांत. दुसरं, जुन्या गाठींच्या गलगंडात नव्याने आलेला ग्रेव्हज. डोळा बाहेर नाही आणि ब्रुई नाही म्हणून मागे, पण बाद नाही. तिसरं, एकच टॉक्सिक अ‍ॅडिनोमा. गाठी दोन्ही बाजूंना लागतात म्हणून सगळ्यात शेवटी.

इथे सर विचारतील, ‘कॅन्सर कशावरून नाही?’ ‘नाहीच’ म्हणू नकोस. आवाज ठीक, नोड नाहीत, कॅरोटिड लागते, गाठ हलते, म्हणून शक्यता कमी, एवढंच म्हण. टीएसएच आणि सोनोग्राफी करू. एखादी गाठ संशयास्पद दिसली, तर तिची एफएनएसी करू.