डॉक्टरांनी लोहाची गोळी रोज न घेता एक दिवसाआड घ्यायला सांगितली आहे. निम्म्या गोळ्यांनी रक्त कसं वाढणार?

मी परळला फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते. ही शंका रास्त आहे.

गोळीतलं लोह आधी आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत शिरतं आणि तिथून फेरोपोर्टिन नावाच्या दारातून रक्तात उतरतं. मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त सोडतं आणि ते ही दारं बंद करतं. मग लोह पेशींतच अडकतं. त्या पेशी काही दिवसांत झडतात आणि लोह शौचावाटे निघून जातं. ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोह घेतल्यावर हेप्सिडिन २४ तासांनंतरही चढलेलंच असतं, म्हणजे उद्याची गोळी बंद दारावर येते. ४८ तासांत ते बहुतेक खाली येतं.

२०१७ साली झुरिकमध्ये लोहाचे साठे कमी असलेल्या तरुणींवर हे तपासलं गेलं. ६० मिलिग्रॅमच्या १४ गोळ्या रोज घेतल्यावर एकूण सुमारे १३१ मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं. तेवढ्याच गोळ्या एक दिवसाआड, म्हणजे २८ दिवसांत घेतल्यावर सुमारे १७५. पण हे नीट वाचा: दर गोळीमागे फायदा झाला, दर दिवसामागे नाही. पहिल्या १४ दिवसांपुरतं पाहिलं, तर रोज घेणारीच पुढे असते. म्हणून हिमोग्लोबिन फार कमी असेल, किंवा गरोदरपणात, रोजची गोळी स्वतःहून बदलू नका.

मग फायदा कुणाला? माझ्याकडे लालबागची एक तरुणी यायची. हिमोग्लोबिन ९.८, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ७. रोज १०० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. मळमळ आणि बद्धकोष्ठतेने तिने दोन आठवड्यांत ती सोडून दिली, आणि मला सांगितलंही नाही. न शोषलेलं लोह आतड्यात साचलं की हा त्रास होऊ शकतो. मग तीच गोळी एक दिवसाआड दिली, सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत, चहा तासाभराने. पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.९ झालं. वेग मंद होता, पण या वेळी तिने एकही गोळी चुकवली नाही.

तारखा सम-विषम धरू नका, ३१ आणि १ लागोपाठ येतात. कॅलेंडरवर खुणा करा. चुकलेली गोळी भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

चार-सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक अंकानेही वाढलं नाही, तर दोष वेळापत्रकाचा नसावा. पाळीत जास्त रक्त जातंय का, थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा आनुवंशिक दोष आहे का, हे पाहावं लागतं. जुनाट दाह किंवा संसर्ग असेल तर हेप्सिडिन त्यामुळेच चढलेलं राहतं. मग एक दिवसाच्या खंडाने ते उतरत नाही. आणि हिमोग्लोबिन नीट झालं तरी साठे भरायला साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. एक दिवसाआड घेत असाल तर त्याहून जास्त. कधी थांबायचं ते फेरिटिन पुन्हा तपासून डॉक्टर ठरवतील.