दुपारची झोप बंद केली आणि संध्याकाळ बिघडली

«मावशी, माझी मुलगी सत्तावीस महिन्यांची. आम्ही फोंड्याला राहतो. दुपारी अडीचला निजली की पाचपर्यंत उठायची नाही, आणि मग रात्री साडेदहा वाजले तरी टक्क जागी. शेवटी महिन्यापूर्वी दुपारची झोपच बंद केली. आता रात्री साडेनऊला झोपते, पण संध्याकाळी साडेपाचपासून नुसता धिंगाणा. ठोकळा बसला नाही की भिरकावते, रडते. सकाळी प्लेस्कूलमध्ये शिकलेला शब्द संध्याकाळी विचारला की गप्प. घरात आम्ही कोंकणी, आजी मराठी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे पोर गोंधळते असं नवरा म्हणतो. मांय म्हणतात, तिला दुपारी निजव. सकाळी सातला मात्र शाळेसाठी उठवावंच लागतं. कोणाचं ऐकू?»

मांयचं ऐक. फक्त पूर्वीच्या अडीचच्या वेळेला निजवू नकोस. आधी साधा हिशेब बघ. पूर्वी ती रात्री साडेआठ तास आणि दुपारी अडीच तास, म्हणजे एकूण ११ तास झोपत होती. आता साडेनऊ ते सात, फक्त साडेनऊ तास. रात्रीचा एक तास मिळवायला दुपारचे अडीच तास गेले. जागतिक आरोग्य संघटना एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून ११ ते १४ तास झोप सांगते. तुझी लेक आधीच त्या काठावर होती, आता खाली घसरली आहे.

ठोकळे भिरकावण्याचं म्हणशील तर त्यावर थेट प्रयोग झालेला आहे. मोनिक लबुर्जुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अडीच ते तीन वर्षांच्या मुलांना एकदा नेहमीची दुपारची झोप झाल्यावर आणि एकदा ती चुकवून चित्रांचे तुकडे जुळवायला दिले. एक कोडं सुटणारं होतं, दुसऱ्यात मुद्दाम चुकीचा तुकडा ठेवला होता. झोप चुकलेल्या दिवशी कोडं सुटल्यावरचा आनंद सुमारे एक तृतीयांशाने घटला आणि न सुटणाऱ्या कोड्यावरची चिडचिड जवळपास तेवढीच वाढली. मला त्यातली तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. 'हे काहीतरी जुळत नाहीये' असा बुचकळ्यात पडलेला चेहरा त्या दिवशी कमी दिसला. बुचकळ्यात पडलेलं मूल थांबतं, तुकडा फिरवून बघतं, तुझ्याकडे बघतं. ते थांबणंच गेलं की हातातली वस्तू भिंतीवर जाते. मुलं दहाच होती, त्यामुळे टक्केवारी डोक्यात धरून बसू नकोस. पण तू जे लिहिलं आहेस ते याच्याशी अगदी जुळतं.

आता सकाळचे शब्द. नवी आठवण आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात साठते आणि झोपेत तिथून मेंदूच्या बाह्य थरात पक्की होत जाते. लहान मुलांत हा भाग अजून वाढत असतो. कळशी लहान असेल तर ती दुपारीच एकदा हंड्यात रिकामी करावी लागते, नाहीतर वरून ओतलेलं सांडतं. रेबेका स्पेन्सर यांच्या मॅसॅच्युसेट्समधल्या गटाने २०१३ मध्ये बालवाडीच्या मुलांना सकाळी कोणतं चित्र कुठे होतं ते लक्षात ठेवायचा खेळ दिला. दुपारी झोपलेल्या मुलांना ते जास्त आठवलं. जागं ठेवल्यावर जे विसरलं गेलं ते रात्रीच्या झोपेनेही भरून आलं नाही. आणि सगळ्यात जास्त तोटा झाला तो रोज दुपारी झोपायची सवय असलेल्या मुलांचा. तुझी मुलगी त्यांतलीच.

भाषेत याचा परिणाम क्रियापदांवर बघण्यासारखा असतो. 'कप' म्हणजे कप, बोट दाखवता येतं. पण आजी कढी ढवळते आणि बाबा चहा ढवळतात, माणूस वेगळा, भांडं वेगळं, तरी क्रिया एकच, हे मुलाला स्वतः ताडावं लागतं. अ‍ॅरिझोना विद्यापीठात रेबेका गोमेझ यांच्या गटाने तीन वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली. शिकल्यावर तासाभरात जी झोपली, त्यांना दुसऱ्या दिवशी वेगळ्याच माणसाने केलेली तीच क्रिया ओळखता आली. जागी राहिलेली मागे पडली.

तीन भाषांना मात्र दोष देऊ नका. गोव्यातली किती पोरं कोंकणी, मराठी आणि इंग्रजीत एकदमच वाढतात. तिचे शब्द मोजायचे तर तिन्ही भाषांतले मिळून मोज. संध्याकाळी दमलेल्या मुलाची परीक्षा तर घेऊच नकोस. 'सकाळी काय शिकलीस?' हा प्रश्न दुपारच्या झोपेनंतर खाताना विचार.

कोणी सांगेल की दुपारी न झोपणाऱ्या मुलांचा शब्दसंग्रह उलट जास्त असतो. तसं काही अभ्यासांत दिसलंही आहे, पण ते तीन ते पाच वर्षांच्या मुलांत. मेंदू तयार झाला की झोप आपसूक सुटते, म्हणून ती मुलं पुढे दिसतात. झोप तोडल्याने कोणी पुढे जात नाही. सुटायची वेळ आली की मूल दुपारी न झोपताही रात्रीपर्यंत हसतंखेळतं राहतं. तुझं साडेपाचलाच कोसळतं.

मग करायचं काय? अडचण झोपेत नव्हती, वेळेत होती. पाचला उठलेल्या मुलाला रात्री झोप यायला पुरेसा जागेपणाच साठत नाही. शाळा बाराला सुटत असेल तर सव्वाबाराला शीतकडी भरव आणि पाऊणला पडदे ओढून, पंखा लावून निजव. सव्वादोन, फार तर अडीचला उठव. गाढ झोपेतून उठवलेलं मूल पंधरा-वीस मिनिटं कुरकुरतं, तेवढं सोस. खिडकी उघड, पाणी दे, गप्पा नंतर. रात्री सव्वाआठला अंथरुणावर, साडेआठपर्यंत झोप. सातला उठली तर दिवसाचे बारा तास झाले. सांज ढळेपर्यंत तिला खाली अंगणात धावू दे.

यात हमखास फसवणारी जागा म्हणजे परतीची स्कूटर. वाटेत दहा मिनिटं डुलकी लागली की झोपेची ओढ तेवढ्यावरच ओसरते आणि घरी मूल तासभर लोळत राहतं. रस्ताभर तिच्याशी बोलत राहा, गाई, बस, नारळ मोजायला लाव. एखाद्या दिवशी अर्ध्या तासात झोप लागलीच नाही तर जबरदस्ती नको. तेवढा वेळ शांत पडू दे आणि रात्री पाऊण तास आधी निजव. दहा-बारा दिवसांनीही रात्री झोपायला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर दुपारची झोप पंधरा मिनिटांनी कमी कर. तोडू मात्र नकोस.

संध्याकाळी गप्प राहणं वेगळं आणि आधी बोलत असलेले शब्द कायमचे जाणं वेगळं. झोप भरल्यावर सकाळीही शब्द परत येत नसतील, नावाने हाक मारली तरी वळत नसेल, 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा रोज तोंड उघडं ठेवून घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखव, कानही तपासून घे.

आणि चवथीला घर भरलेलं असतं, आरत्या दुपारपर्यंत चालतात. त्या दिवशी झोप चुकणारच. संध्याकाळी पाचनंतर मात्र तिला निजवू नकोस, रात्री तासभर आधी निजव, आणि त्या दिवशी कानावर पडलेले नवे शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिच्यासमोर म्हण.