परिचय दोनच ओळींचा असेल तेव्हा

कार्यक्रमात वक्त्याची ओळख करून देताना हाती आलेली माहिती तुटपुंजी असली की 'तडफदार', 'उदयोन्मुख' अशी विशेषणं भरू नकोस. पोकळपणा श्रोत्यांना लगेच कळतो. आधी फोन करून एवढंच विचार, सध्या रोज कशाशी झुंजताय? समजा, बोलणारी दोन वर्षांपासून फिजिओथेरपिस्ट आहे. 'गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी व्यायाम का सोडून देतात, हे त्या रोज त्यांच्याच तोंडून ऐकतात,' या एका वाक्याने आज त्यांचं का ऐकायचं हे स्पष्ट होतं. त्याचं उत्तर मात्र तू देऊन टाकू नकोस, ते त्यांचं भाषण आहे. वय आणि 'पहिलंच व्याख्यान' हे तर अजिबात नको, त्याने लोक सांभाळून घेण्याच्या पवित्र्यात बसतात. मजकूर मिनिटभराचाच ठेव, त्यांना आधी वाचून दाखव आणि नाव अगदी शेवटी घे, म्हणजे टाळ्या नेमक्या तिथे पडतात.