पाणी चढण्याचं स्वप्न बदलायचं असेल तर

प्रश्न: कुर्ल्याला तळमजल्यावर राहतो. स्वप्नात दाराखालून पाणी येतं, कडी निघत नाही, पाणी गळ्यापर्यंत चढतं आणि मी दचकून उठतो. आठवड्यातून दोनदा तरी हेच. महिनाभर रिॲलिटी चेक करतोय, म्हणजे दिवसा अधूनमधून थांबून ‘हे स्वप्न तर नाही ना’ असं तपासतोय, तरी स्वप्नात एकदाही कळलं नाही की हे स्वप्न आहे. काय चुकतंय?

उत्तर:

तुम्ही चेक बहुतेक मोबाइलच्या रिमाइंडरवर करत असाल. रिमाइंडर वाजला, हाताकडे पाहिलं, झालं. अशाने सवय लागते ती रिमाइंडर वाजल्यावर हात पाहायची, आणि तुमच्या स्वप्नात रिमाइंडर वाजत नाही, पाणी येतं. म्हणून चेक पाण्याला बांधा. बाथरूममध्ये बादलीचं पाणी पायावर पडलं, पावसात डबक्यात पाय गेला, लादी पुसताना तळवा ओला झाला, की प्रत्येक वेळी थांबायचं. दिवसात असे आठ-दहा प्रसंग सहज मिळतात, पावसाळ्यात तर विचारूच नका.

थांबून करायचं ते असं. नाक चिमटीत धरा, ओठ घट्ट मिटा आणि नाकाने श्वास ओढून पाहा. जागेपणी हवा येत नाही. स्वप्नात बहुतेक वेळा येते, कारण चिमटीत धरलेलं नाक स्वप्नातलं असतं आणि गादीवरच्या शरीराचा श्वास चालूच असतो. ओठ जरा उघडे राहिले तर हा चेक फसतो. याहून मोठी चूक म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं उरकणं. दहा सेकंद खरोखर शंका घ्या: मी आत्ता कुठे आहे, इथे कसा आलो, पाच मिनिटांपूर्वी काय करत होतो? स्वप्नात ‘इथे कसा आलो’ला धड उत्तर सापडत नाही. बोटं मोजणं, घड्याळ दोनदा वाचणं हेही लोक करतात, पण तुमच्यासाठी नाकाचाच चेक घ्या. तुमची भीती बुडण्याची आहे, आणि हा चेक लागू पडला की त्याच क्षणी कळतं की या पाण्यात श्वास घेता येतो.

तरीही नुसत्या दिवसाच्या चेकवर विसंबू नका. ऑस्ट्रेलियातले संशोधक डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसते चेक करणाऱ्यांना विशेष फायदा दिसला नाही. चेक, पाच तासांनी उठणं आणि ‘माइल्ड’ ही तिन्ही एकत्र करणाऱ्यांना मात्र त्या आठवड्यात सुमारे १७ टक्के रात्री स्वप्नात भान आलं. माइल्ड ही स्टीफन लाबर्ज यांची पद्धत. पहाटे जाग आल्यावर ताजं स्वप्न आठवायचं, त्यात आपल्याला भान येतंय असं कल्पायचं आणि मनाशी एक ठराव घोळवत झोपायचं.

तुमच्याकडे ते असं बसेल. शुक्रवारी रात्री ११ला झोपलात तर पहाटे ४चा गजर. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, म्हणून ही वेळ. उठा, पाणी प्या, पाच-दहा मिनिटं बसा. मोबाइल हातात घेऊ नका, नाहीतर झोप उडालीच म्हणून समजा. मग पडल्यापडल्या कल्पना करा: दाराखालून पाणी येतंय, पावलं गार पडतायत, मी नाक धरतो, श्वास येतो. सोबत मनात, ‘पुढच्या वेळी पाणी आलं की मला आठवेल, हे स्वप्न आहे.’ लक्ष भरकटलं की परत तिथूनच. डोळा लागेपर्यंत हेच. अर्धा तास झाला तरी झोप येत नसेल, तर पुढच्या वेळी उठून बसण्याचा वेळ कमी करा. हा प्रकार आठवड्यातून एक-दोन रात्रीच, दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल पकडायची नसेल तेव्हा. रोज पहाटे झोपमोड केलीत तर थकवा वाढेल, आणि अपुऱ्या झोपेत वाईट स्वप्नंही वाढतात.

आता स्वप्न बदलायचं कसं. हे काम दिवसा, कागदावर होतं, आणि स्वप्नात भान आलं नाही तरी त्याचा उपयोग होतो. मानसोपचारात याला इमेजरी रिहर्सल म्हणतात. अमेरिकेतले बॅरी क्रॅको यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर केलेली त्याची चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यात वाईट स्वप्नं कमी झाल्याचं दिसलं.

बदल शेवटी नको, सुरुवातीलाच हवा. पाणी गळ्याशी आल्यावर कोणाला काही सुचत नाही. तुमची भीती कडीपाशी चढते, म्हणून नव्या स्वप्नात कडीकडे जायचंच नाही. ‘कडी निघते आणि मी सुटतो’ असं लिहिण्याचा मोह होईल, पण कडीला हात लावला की ‘निघेल ना?’ ही धास्ती येते, आणि स्वप्नात धास्ती वाटते तेच घडू लागतं. पाण्याला ‘थांब’ म्हणून हुकूम देण्याचंही असंच आहे. त्यापेक्षा असं लिहा: ‘पाणी घोट्यापर्यंत येतं. मी नाक धरतो, श्वास येतो. दाराकडे पाठ करतो. मागच्या भिंतीत एक उघडं दार आहे, बाहेर गच्ची, कोरडी, ऊन पडलेलं. मी पायऱ्या चढून जातो.’ पाठ फिरवणं मुद्दाम घातलंय. स्वप्नात नजरेसमोरची वस्तू हट्टी असते, नजरेआडची बदलायला सोपी. गच्चीऐवजी तुम्हाला आवडेल ती जागा घ्या. रोज दुपारी किंवा संध्याकाळी दहा मिनिटं डोळे मिटून हे नवं स्वप्न पाहा. जुनं उगाळत बसू नका, आणि झोपण्याच्या तोंडावर तर नकोच.

पहिल्यांदा भान आलं की आनंदाने जाग येते. बहुतेकांचं असंच होतं. तसं वाटू लागलं की स्वप्नातले तळहात एकमेकांवर घासा आणि पायाखालची जमीन पाहा, चित्र टिकतं. दचकून उठलात तरी नाक एकदा धराच. कधी कधी ते उठणंही स्वप्नच असतं, खोली हुबेहूब तुमची, आणि जरा वेळाने दाराखालून पुन्हा पाणी. खरंच जागे असाल तर दिवा लावा, नवा शेवट एकदा मनात पुरा करा आणि मगच आडवे व्हा.

एक गोष्ट आधी तपासा. घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगतात का, सकाळी डोकं जड असतं का? असेल तर बुडण्याच्या स्वप्नामागे स्लीप ॲप्निया असू शकतो. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारून स्लीप स्टडी करून घ्या. रक्तदाबासाठी प्रोप्रानोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल, तर त्यानेही वाईट स्वप्नं पडू शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि हे स्वप्न म्हणजे तुमच्यावर खरंच गुदरलेला पूर असेल, जागेपणीही ती दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील, तर हे एकट्याने करू नका, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसोबत करा. पूर्वी सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाशी संबंध सुटण्याचा, त्रास झालेल्यांनी ल्युसिड ड्रीमिंगच्या, म्हणजे असं स्वप्नात भान आणण्याच्या, वाटेला न गेलेलं बरं.

भान किती वेळा आलं ते मोजू नका. कॅलेंडरवर एवढंच लिहा: स्वप्न पडलं का, आणि उठल्यावर भीती १० पैकी किती. बऱ्याचदा आधी भीतीचा आकडा उतरतो, मग हे स्वप्न पडणाऱ्या रात्री कमी होतात. सहा आठवड्यांत दोन्ही जागच्या जागी राहिले, तर तेच कॅलेंडर घेऊन सायकॉलॉजिस्टकडे जा.