शुगर, सोनोग्राफी, इको, डोळे सगळं एकाच दिवशी: आधी काय, नंतर काय?

प्रश्न: आईला (वय ६४, शुगर आणि बीपी दोन्ही) डॉक्टरांनी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, लघवी, पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, इको आणि डोळ्यांचा पडदा तपासायला सांगितलाय, नंतर परत त्यांनाच दाखवायचंय. गाव लांब आहे, एकाच दिवसात उरकायचंय. कुठून सुरू करू? आणि आई सारखी "आता कुठे, आता कुठे" विचारते, तिला कसं समजावू?

उत्तर: मी नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये चेकअपच्या काउंटरवर अकरा वर्षं बसतेय, पेशंटला सकाळी फाइल देऊन "आधी इकडे जा, मग तिकडे" सांगायचं हेच माझं काम, त्यामुळे सांगते.

लोक काय करतात, जिथे लाइन छोटी दिसली तिथे आधी घुसतात. इथेच घोळ होतो. क्रम लाइन बघून ठरत नाही, तीन गोष्टी बघून ठरतो: आई कधी खाणार, लघवीला कधी जाणार, आणि डोळ्यात थेंब कधी पडणार. या तिन्ही गोष्टी एकदा झाल्या की मागे घेता येत नाहीत. खाल्लं की उपाशीपोटीचं रक्त गेलं. लघवीला गेली की सोनोग्राफीला किमान तासभर थांबणं आलं. थेंब पडले की चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही. म्हणून या तिन्हीच्या आधी काय काय व्हायला हवं ते आधी बसवायचं, बाकीचं मधल्या फटीत कुठेही बसतं.

माझी स्वतःचीच चूक सांगते, नोकरीच्या पहिल्या वर्षातली. साठ किलोमीटरवरून एसटीने आलेले एक आजोबा, शुगर पेशंट, सोनोग्राफीच्या बाहेर बसलेले, लाइन मोठी. मला वाटलं वेळ वाया कशाला घालवायचा, म्हणून म्हटलं आजोबा तोवर लघवीचं सॅम्पल देऊन या. ते गेले, डबीपुरतं थांबणार थोडेच, सगळी करून आले. दहा मिनिटांत नंबर लागला आणि आतून परत पाठवलं, ब्लॅडर रिकामं आहे, पाणी पाजा. मग चार-पाच ग्लास पाणी, परत तासभर, तोवर पोटात काही नाही. साडेदहाला त्यांना दरदरून घाम आणि हात थरथरायला लागले, ग्लुकोमीटरवर ५८. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, बरे झाले, पण त्या दिवसाची जेवणानंतरची शुगर गेलीच आणि पित्ताशयाचंही नीट दिसेना. दुसऱ्या दिवशी परत एसटी. नंतर आमच्या रेडिऑलॉजीवाल्यांनीच मला सांगितलं, अगं निदान वरचं पोट तरी आधी बघून घ्या म्हणायचं ना, लिव्हर आणि पित्ताशयाला भरलेलं ब्लॅडर लागतच नाही, ते बघून त्यांना खायला दिलं असतं आणि खालचं नंतर केलं असतं.

आता तुमच्या आईचा दिवस. वेळा अंदाजे धरा, तुमच्या हॉस्पिटलप्रमाणे पुढेमागे होतील.

आदल्या रात्री नऊपर्यंत जेवण. जमलं तर आदल्या दिवशीच लॅबमधून लघवीची डबी घेऊन ठेवा आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी त्यात आणा, शुगरवाल्यांच्या किडनीसाठी लघवीतलं प्रोटीन बघतात त्याला सकाळची पहिली चांगली. पण गावाहून पोचायला दोन तास लागणार असतील तर इथेच द्या, फक्त पोचल्या पोचल्या, सोनोग्राफीच्या आधी बराच वेळ.

साडेसातपर्यंत पोचा. बिलिंग सगळ्या टेस्टचं एकदम करून घ्या, प्रत्येक वेळी खाली येऊन पावती फाडू नका, त्यातच तासभर जातो. मग लघवी (आणली नसेल तर), लगेच रक्त. शुगरची गोळी रक्त देईपर्यंत नाही, ती नाश्त्यासोबत. बीपीची गोळी बहुतेक वेळा सकाळी घोटभर पाण्यासोबत चालते, पण आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा. इन्सुलिन चालू असेल तर विचारल्याशिवाय काहीच करू नका, उपाशीपोटी इन्सुलिन म्हणजे त्या आजोबांसारखं व्हायला निमंत्रण.

रक्त दिलं की चार-पाच ग्लास साधं पाणी पाजा आणि बाथरूमला जाऊ देऊ नका. पाण्याने उपास मोडत नाही. ब्लॅडर भरेपर्यंत साधारण तास जातो, त्यात ईसीजी उरकतो, पाच-दहा मिनिटांचं काम. इको मात्र तेव्हा नको, अर्धा तास डाव्या कुशीवर झोपवतात आणि फुगलेल्या पोटाने म्हातारं माणूस तळमळतं.

साडेआठ-नऊला सोनोग्राफी. ती उपाशीपोटी का, तर पित्ताशय. उपाशी असताना ते भरलेलं असतं, खडा असला तर दिसतो. दुधाचा चहा जरी पोटात गेला तरी ते आकसतं. सोनोग्राफी झाली की बाथरूम. (बाबांना नेलं तर वेगळं, प्रोस्टेटसाठी लघवी करून परत आत बोलावतात, किती शिल्लक राहते ते बघायला. बरेच जण वैतागून म्हणतात आमचं नीट केलं नाही म्हणून परत करतायत. तसं नसतं, टेस्टच तशी आहे.)

मग नाश्ता, गोळीसकट. इथे एक गोष्ट पक्की: पहिला घास ज्या मिनिटाला गेला ते घड्याळ बघून फाइलवर लिहा. दोन तास तिथून मोजायचे, नाश्ता संपल्यापासून नाही. नऊ दहाला पहिला घास तर अकरा दहाला रक्त. आणि नाश्ता रोजचा असतो तसाच करा, आज टेस्ट आहे म्हणून एकच इडली खाल्ली तर रिपोर्ट चांगला दिसेल पण तो आईचा रोजचा नसेल. मधे चहा-बिस्किट नाही, जिने चढउतार नाही, चालण्याने शुगर खाली येते आणि आकडा खोटा येतो. याच कारणाने कोणाला ट्रेडमिल टेस्ट असेल तर ती या दोन तासांत कधीच टाकू नका.

या दोन तासांत बसून-झोपून होणारं काम: इको. हृदयाचे डॉक्टर दुपारीच येत असतील तर इको दुपारी ढकला, काही बिघडत नाही, ती सगळ्यात मोकळी टेस्ट आहे, खाण्याशी-लघवीशी तिचा संबंध नाही.

अकरा दहाला दुसरं रक्त. त्याचा रिपोर्ट यायला तास-दीड तास लागतो, तेवढ्यात डोळे. डोळ्यांच्या विभागातही क्रम असतो, आधी तक्ता वाचायला लावतात, डोळ्यांचं प्रेशर बघतात, मग बाहुली मोठी करायचे थेंब, अर्धा तास डोळे मिटून बसणं, मग पडदा. आईला आधी कधी काचबिंदू सांगितला असेल तर थेंबाच्या आधीच बोला.

मग दोन वाजायच्या सुमारास सगळे कागद घेऊन मूळ डॉक्टरांकडे. शुगरच्या डॉक्टरांना पडद्याचा रिपोर्ट समोर हवाच असतो, म्हणून डोळे आधी, डॉक्टर शेवटी. फक्त आई एकटी येणार असेल तर मी उलटं करायला सांगते, आधी डॉक्टर, मग डोळे, कारण धूसर डोळ्यांनी गोळ्यांची चिठ्ठी वाचता येत नाही आणि सही करायलाही बोट धरून दाखवावं लागतं. तुम्ही सोबत आहात म्हणजे प्रश्न नाही.

आता समजावण्याचं. अख्खी यादी सकाळी सांगू नका, तिसऱ्या नावानंतर कोणाच्याच डोक्यात राहत नाही. मी प्रत्येक टप्प्याला फक्त तीनच गोष्टी सांगते: आता खायचं का, आता बाथरूमला जायचं का, गोळी घ्यायची का. आणि एक कारण, तिच्या भाषेत. "आई, पाणी भरलेल्या पिशवीतूनच आतलं दिसतं, म्हणून सोनोग्राफी होईपर्यंत बाथरूम नाही." मग तिलाच विचारा, "सांग बरं, सोनोग्राफी होईपर्यंत काय करायचं नाही?" तिने तिच्या शब्दांत बरोबर सांगितलं तर कळलंय. नुसतं "हो हो" म्हणाली तर समजा कळलेलं नाही.

"उपाशी या" हा शब्द तर मी आता वापरतच नाही. एक मावशी खिचडी खाऊन आल्या होत्या, साबुदाण्याची, उपास आहे ना म्हणाल्या, उपासाला चालते! हसू आलं पण चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून मी म्हणते, रात्री नऊनंतर साधं पाणी सोडून तोंडात काही नाही, चहा नाही, दूध नाही, मिश्री-तंबाखू नाही.

अजून एक हमखास भांडण. आई म्हणेल ती बाई आपल्या नंतर आली आणि तिला आधी आत घेतलं. ते तिला आधीच सांगून ठेवा की त्या बाईचं ब्लॅडर भरलंय किंवा तिचे दोन तास भरलेत, तिचं घड्याळ वेगळं, आपलं वेगळं. पण तुमचे दोन तास भरले आणि रक्ताच्या लाइनीत पंधरा जण उभे असतील तर तुम्हीही गप्प बसू नका, सरळ काउंटरला जाऊन सांगा "पीपीचं, म्हणजे जेवणानंतरचं रक्त आहे, अकरा दहाची वेळ आहे", पुढे घेतात.

आणि मधे कधीही घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी असं काही वाटलं तर क्रम गेला उडत, आधी ग्लुकोमीटर लावायला सांगा. ७० च्या खाली असेल तर लगेच साखर. जवळ मीटरच नसेल तर आकड्यासाठी थांबू नका, साखर आधी.

येताना टोपी किंवा काळा गॉगल आणा, थेंबानंतर दुपारच्या उन्हात आईला डोळे उघडवणार नाहीत. बाइकवरून येणार असाल आणि तुम्हीही त्याच दिवशी डोळे दाखवून घेणार असाल तर नका घेऊ, परत गाडी कोण चालवणार?