शांत विद्यार्थ्याचं एलओआर लिहिताना शिक्षकाच्या डोक्यात काय चालतं?

प्रश्न: मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, एमएससाठी अप्लाय करतोय. टॉपर नाही, क्लासमधे कधी हात वर केला नाही, कुठल्या क्लबचा सेक्रेटरी वगैरे नाही. काम मात्र मनापासून करतो. अशा मुलाबद्दल सर-मॅडम एलओआरमधे, म्हणजे शिफारसपत्रात, लिहिणार तरी काय? शिक्षकांच्या बाजूने कोणी सांगू शकेल का?

उत्तर:

पुण्यात इंजिनिअरिंगला शिकवते, थर्मल लॅब माझ्याकडे असते, आणि दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे एलओआरवाल्यांची रांग लागते. तू विद्यार्थी आहेस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

आधी आम्हाला स्क्रीनवर काय दिसतं ते सांगते, कारण बहुतेक मुलांना वाटतं की पत्र म्हणजे नुसतं लेटरहेडवरचं एक पान. तसं नसतं. तू फॉर्ममधे माझा कॉलेजचा मेल आयडी टाकलास की मला लिंक येते (जीमेल देऊ नकोस, बऱ्याच युनिव्हर्सिट्यांना तो चालत नाही). लिंक उघडली की अनेक ठिकाणी पत्राच्या आधी एक तक्ता येतो. बुद्धिमत्ता, बोलण्याची हातोटी, लेखन, नेतृत्व, स्वतंत्रपणे काम करणं, अशा ओळी, आणि प्रत्येकीसमोर हा मुलगा वरच्या 5 टक्क्यांत का 10 का 25, असे रकाने. शांत मुलाची पहिली अडचण इथेच होते. बोलणं आणि नेतृत्व या ओळींवर त्याच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, आणि ज्यात तो खरंच वेगळा आहे त्याची ओळच तक्त्यात नसते. चूक दिसली की गप्प न बसणं, किंवा दुसऱ्याला उद्या वापरता येईल असं काम ठेवून जाणं, याला कुठे टिक करणार?

काही जण दयेपोटी सगळीकडे वरच्या 5 टक्क्यांवर टिक करून मोकळे होतात. मी नाही करत. पलीकडे बसलेला माणूस असे ढीगभर फॉर्म वाचतो, सगळ्या टिका एका रेषेत दिसल्या की तो तक्ता बघणं सोडून देतो आणि मग पत्राकडेही संशयाने बघतो. बहुतेक फॉर्मवर 'सांगता येत नाही' असा एक रकाना असतो, तो मी बिनधास्त वापरते. नेतृत्व बघायची संधीच मिळाली नसेल तर सांगता येत नाही, संपलं. बोलण्यात ठीकठाक असेल तर ठीकठाक. मग स्वतंत्र कामाच्या ओळीवर मी सगळ्यात वरची टिक केली की ती उठून दिसते, आणि तिचा पुरावा पत्रात दिला की पटते.

आता पत्र. शांत मुलांबद्दल आपल्याकडे तीन शब्द ठरलेले आहेत, मेहनती, प्रामाणिक, नम्र. शिक्षक कौतुकानेच लिहितो, पण वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की या विद्यार्थ्याबद्दल दुसरं काही आठवलं नाही. हे नुसतं माझं मत नाही. 2003 मधे ट्रिक्स आणि सेंका या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या एका मेडिकल स्कूलसाठी आलेली 300 हून जास्त शिफारसपत्रं तपासली होती, ती नोकरीसाठीची होती, अ‍ॅडमिशनची नाही, पण त्यात बायकांबद्दलच्या पत्रांमधे राबण्या-खपण्याचे शब्द जास्त होते, पुरुषांबद्दलच्या पत्रांमधे संशोधनाचे आणि कर्तबगारीचे. शिवाय शंकेची पाल चुकचुकवणारी वाक्यं, म्हणजे 'तशी ती अबोल आहे, पण' छापाची, तीही बायकांच्या पत्रांत जास्त. माझ्या अनुभवात शांत मुलांच्या पत्रांचं, मुलगा असो वा मुलगी, हेच होतं. म्हणून मी स्वतःला एक नियम घातलाय, 'अबोल असली तरी' असं वाक्य लिहायचंच नाही. गुन्हा केलाय का तिने, की आधी बचाव करायचा.

मग काय लिहायचं, तर एक प्रसंग, आणि तो विद्यार्थी तिथे नसता तर काय झालं असतं ते.

एक खरं उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय. चार जणांचा प्रोजेक्ट ग्रुप, विषय आपल्याकडचा नेहमीचाच, डबल पाइप हीट एक्स्चेंजर आणि आतल्या नळीत पिळाची पट्टी घालून उष्णता किती जास्त जाते ते बघायचं. तीन पोरं बोलकी, प्रेझेंटेशन तेच द्यायचे, ही चौथी, मागे उभी. तापमान मोजायला के टाइपचे थर्मोकपल. ते चेक करायला त्यांनी गरम पाण्याच्या लाइनवरचे दोन उकळत्या पाण्यात बुडवले तर इंडिकेटरवर 98 आलं. पोरांनी ठरवलं की दोन डिग्री कमी दाखवतायत, एक्सेलमधे अधिक 2 करून टाका. थंड लाइनचे दोन आधीच फिट केलेले होते, ते कोण काढणार, ते तसेच राहू दे.

हिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी लवकर येऊन थर्मासमधे बर्फाचा चुरा आणि पाणी भरलं, तेच दोन थर्मोकपल त्यात धरले, रीडिंग आलं 0. दोन डिग्रीचा सरसकट फरक असता तर इथे उणे 2 दिसायला हवं होतं. मग तिने लॉगबुकात लिहिलं की पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं, सेन्सर बरोबर आहे, दुरुस्ती करू नये. खाली तारीख आणि सही. पोरांनी वाचलं आणि अधिक 2 काढून टाकलं, एवढंच. मला कोणी येऊन सांगितलं नाही, मी रिपोर्ट तपासताना लॉगबुक चाळत होते तेव्हा दिसलं.

आता याची किंमत बघ. त्यांच्या सेटअपवर गरम आणि थंड पाण्यातला सरासरी फरक पंचवीसेक डिग्रीचा होता. फक्त गरम बाजूला 2 मिळवले असते तर तो 27 झाला असता आणि उष्णता वहनाचा जो गुणांक काढायचा होता तो सात-आठ टक्क्यांनी कमी आला असता. आकडा असा की बघून कोणाला शंकाही आली नसती, रिपोर्ट बाइंड होऊन कपाटात गेला असता.

पत्रात मी जवळजवळ हेच लिहिलं, इंग्रजीत. ग्रुपने काय ठरवलं होतं, तिने कुठली चाचणी केली, आकडे काय आले, उत्तरात किती टक्क्यांची चूक वाचली, आणि हे मला कसं कळलं. शेवटचं महत्त्वाचं आहे, 'लॉगबुकात तिच्या अक्षरात तारखेसकट आहे' असं लिहिलं की ते ऐकीव कौतुक राहत नाही. पुढे एकच वाक्य, की ती मीटिंगमधे फार बोलत नाही, तिचं म्हणणं ती मोजून आणि लिहून मांडते. इथे शांतपणा आला, पण बचाव म्हणून नाही, कामाची पद्धत म्हणून. मेहनती हा शब्द पूर्ण पत्रात नव्हता. तिचं अ‍ॅडमिशन झालं, पण पत्रामुळे झालं का ते मला कळायला मार्ग नाही, कमिटी आम्हाला काही कळवत नाही, आणि सीजीपीए फारच कमी असेल तर असं पत्र फार काही वाचवू शकत नाही हेही सांगून ठेवते.

या सगळ्याची मेख अशी की शिक्षकाला असा प्रसंग दिसलेला किंवा सापडलेला असला पाहिजे. साठ-सत्तरच्या वर्गात शांत मुलाचं काम आपोआप दिसत नाही. म्हणून कोणाकडे मागायचं याचा नीट विचार कर. एचओडींचं पद मोठं, म्हणून सगळे तिकडे धावतात, आणि मग नाव बदलून तेच पत्र दहा जणांना मिळतं. तुझा प्रोजेक्ट गाइड किंवा ज्या लॅबमधे तू सेमिस्टरभर रीडिंग घेतलीस तिथले सर, भले ते असिस्टंट प्रोफेसर असोत, त्यांच्याकडे तुझी जर्नल असते. मला जर मुलगा आठवतच नसेल तर मी सरळ नाही म्हणते आणि दुसऱ्या कोणाकडे जा ते सांगते, त्यात वाईट वाटून घेऊ नये, माझं पोकळ पत्र घेऊन तो काय करणार.

दुसरं, 'ड्राफ्ट करून आण, मी सही करतो' ही आपल्याकडची पद्धत. तुझ्यासारख्यांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण बोलघेवडा मुलगा स्वतःची तारीफ रंगवून लिहितो आणि शांत मुलगा नेटवरून नमुना उचलून आणतो, तिन्ही पत्रांत तीच भाषा, वाचणाऱ्याला लगेच कळतं. शिवाय पत्र शिक्षकाचं असायला हवं, ते तू लिहिणं मुळात बरोबर नाही. सर ड्राफ्टच मागत असतील तर म्हण, 'सर, मुद्दे आणि कागद आणून देतो, भाषा तुमची असू दे.' बरेच जण ऐकतात, कारण कोरं पान बघून त्यांनाही कंटाळाच येतो.

मुद्दे म्हणजे काय, तर 'मी टीम प्लेअर आहे' हे नको. कुठल्या कामात तुझ्यामुळे काय बदललं ते दोन-तीन प्रसंग, प्रत्येकी चार-पाच ओळी, आधी काय होतं, तू काय केलंस, नंतर काय झालं. सोबत लॉगबुकच्या पानाचा फोटो, प्रोजेक्ट रिपोर्ट, कोड असेल तर कमिटची हिस्टरी, ज्युनियर्सना काही समजावून दिलं असेल तर ती नोट. हे बढाई मारणं नाही, मला शोधायला मदत करणं आहे. जे मी स्वतः बघितलेलं नाही ते मी तपासूनच लिहिते, गरज पडली तर लॅब असिस्टंटला विचारते, त्यांना कोण रीडिंग खरी घेतं आणि कोण शेजारच्याची उतरवतं हे आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

फॉर्ममधे पत्र बघण्याचा हक्क सोडता का असा प्रश्न येईल, अमेरिकेत 1974 च्या कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क आहे, पण बहुतेक सगळे तो सोडतात आणि तूही सोड, नाहीतर पत्र तुझ्यासमोर बसून लिहिल्यासारखं वाटतं.

आणि वेळ. अमेरिकेतल्या फॉलच्या बऱ्याच डेडलाइन डिसेंबर-जानेवारीत असतात, आमच्याकडे नेमक्या तेव्हाच ओरल्स आणि पेपर तपासणी. सप्टेंबरमधे येऊन विचार, युनिव्हर्सिट्यांची यादी तारखांसकट एकाच शीटमधे दे, आणि डेडलाइनच्या आठवडाभर आधी एकदा आठवण कर. शांत मुलं इथेच संकोच करतात, मॅडमना त्रास नको म्हणून गप्प बसतात आणि मग शेवटच्या रात्री मेसेज टाकतात.